एकच मीटिंग तीनदा, आणि आईची अपॉइंटमेंट गायब: दोन अकाउंट, एक कॅलेंडर

नागपुरातून बोलतोय. मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला. "ऑफिसचं आणि पर्सनल कॅलेंडर जोडलं, तर सगळं डबल दिसतंय. आणि जे पाहिजे तेच दिसत नाहीये." आज फक्त याच्यावर बोलू. माझ्याच घरी घडलेला किस्सा घेतो, कारण त्यात डबल पण आहे, गायब पण आहे, आणि मुख्य म्हणजे एकामुळे दुसरं कसं झालं ते पण आहे.

गोष्ट सप्टेंबर २०२५ ची. आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि पुढची तपासणी बाकी होती. दादा पुण्याला असतो, मी इथे आईसोबत. दवाखान्यात फोन करून दादानेच वेळ घेतली: सोमवार, ८ सप्टेंबर, सकाळी साडेदहा. आणि आमच्या तिघांच्या "घर" नावाच्या शेअर केलेल्या गुगल कॅलेंडरमध्ये टाकून दिली. त्याच्या मते काम संपलं. माझं हेड ऑफिस मुंबईला, त्यामुळे ८ तारखेला मला सुट्टी होती. मी सकाळी सातलाच मित्रांसोबत रामटेकला निघून गेलो. बाराच्या सुमारास दादाचा फोन.

"काय म्हणाले रे डॉक्टर?"

"कोणते डॉक्टर?"

"अबे, आईला नेलं नाही का तू? मी कॅलेंडरमध्ये टाकलं होतं ना!"

गडावर उभा राहून मी फोन उघडला. ८ तारीख. वर सुट्टी दिसते, खाली काहीच नाही. दादाने त्याच्या फोनचा स्क्रीनशॉट पाठवला, त्यात साडेदहाची अपॉइंटमेंट ठळक दिसत होती. म्हणजे दादा खोटं बोलत नव्हता आणि माझा फोनही खोटं बोलत नव्हता. दोघं वेगवेगळं दाखवत होते, बस्स. आईला गुरुवारी नेलं, डोळा ठीक निघाला. पण आईने एकच वाक्य म्हटलं, "तुमच्या दोघांच्या फोनपेक्षा भिंतीवरचं कॅलेंडर बरं." मी इंजिनिअर माणूस, ते लागलं. त्या रात्री बसलो आणि सगळं उकरून काढलं. तेच आज सांगतो.

आधी एक गोष्ट पक्की करू, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. आपण "कॅलेंडर" म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर फोनची स्क्रीन असते. पण स्क्रीन म्हणजे खिडकी. इव्हेंट राहतो कुठेतरी दुसरीकडे, एका ठराविक अकाउंटच्या एका ठराविक कॅलेंडरमध्ये. ते त्याचं घर. एका अकाउंटमध्ये अशी अनेक घरं असतात: तुमच्या ईमेलच्या नावाचं मुख्य कॅलेंडर, तुम्ही बनवलेली इतर, दुसऱ्याने तुमच्याशी शेअर केलेली, आणि लिंकवरून सबस्क्राइब केलेली. ॲप ही सगळी एकावर एक ठेवून दाखवतं. म्हणून डबल दिसलं की पहिला प्रश्न "कोणता डिलीट करू" हा नाही. पहिला प्रश्न आहे, "हा कोणाच्या घरचा?" इव्हेंटवर टॅप करा, तपशिलात कॅलेंडरचं नाव दिसतं. दोन्ही जुळ्यांवर टॅप करून ते नाव वाचायचं. निम्मा गुंता तिथेच सुटतो.

आता माझा गुंता. ऑफिसचं रोजचं स्टँडअप सकाळी दहाला असतं. माझ्या अँड्रॉइड फोनवर ते तीनदा दिसायचं. का? कारण ऑफिसचं कॅलेंडर माझ्या फोनमध्ये तीन दरवाजांनी येत होतं, आणि तिन्ही दरवाजे मीच वेगवेगळ्या वेळी उघडले होते.

पहिला दरवाजा: ऑफिसचं अकाउंट थेट फोनमध्ये टाकलेलं. दुसरा: ऑफिसच्या कॅलेंडरची आयसीएस लिंक काढून मी ती पर्सनल गुगल कॅलेंडरमध्ये "From URL" वापरून जोडली होती. याला सबस्क्राइब केलेलं कॅलेंडर म्हणतात. (तुमच्या ऑफिसने अशी लिंक बंद ठेवली असेल तर ती आडवाटेने काढू नका, आधी आयटीला विचारा.) तिसरा दरवाजा: एक सिंक टूल, जे ऑफिसचा प्रत्येक इव्हेंट उचलून माझ्या पर्सनल मुख्य कॅलेंडरमध्ये त्याची प्रत बनवायचं.

स्क्रीनवर तिन्ही सारखे दिसतात, पण आतून तिघांची जात वेगळी आहे. पहिल्यात प्रत बनतच नाही. एकच घर आहे, तुम्ही त्याच्याच खिडकीतून बघताय. दुसऱ्यात गुगल अधूनमधून त्या लिंकवर जाऊन यादी वाचून येतो. म्हणजे पेपर टाकणाऱ्यासारखं आहे: सकाळी जे छापलं ते मिळालं, दुपारी काही बदललं तर उद्याच्या अंकात. आणि पेपर तुम्ही वाचू शकता, त्यातली बातमी बदलू शकत नाही. तिसऱ्यात मात्र खरीखुरी दुसरी वस्तू तयार होते. मूळ इव्हेंट वेगळा, प्रत वेगळी. दोघांना बांधून ठेवणारी गोष्ट फक्त त्या टूलच्या आठवणीत आहे.

कॉम्प्युटरला हे "वेगळं" कसं कळतं, ते बघा. प्रत्येक इव्हेंटला एक ओळख क्रमांक असतो, त्याला यूआयडी म्हणतात. कॅलेंडरची फाइल कशी लिहायची याचं जे मानक आहे, २००९ सालचं RFC 5545, त्यात हा यूआयडी सक्तीचा आहे. माझं स्टँडअप एक्सपोर्ट करून साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडलं तेव्हा साधारण असं दिसलं:

```
SUMMARY:Standup
UID:040000008200E00074C5B7101A82E008...

SUMMARY:Standup
UID:4kq7...@google.com
```

नाव तेच, वेळ तीच, पण यूआयडी दोन. पहिला आउटलुकच्या पद्धतीचा, दुसरा गुगलने नव्याने दिलेला. म्हणजे टूलने इव्हेंट "आणला" नव्हता, तसाच दिसणारा नवा बनवला होता. माणसाला तो डबल वाटतो, कॅलेंडरला ते दोन वेगळे कार्यक्रम वाटतात. म्हणून "इतकं साधं डबल ॲपला कळत कसं नाही?" हा राग बरोबर नाही. नाव आणि वेळ सारखी म्हणून ॲपने स्वतःहून एक उडवला, तर एकाच वेळी ठेवलेले दोन खरे कार्यक्रमही उडतील.

आता तुमच्या फोनमध्ये कोणता दरवाजा उघडा आहे हे ओळखायची माझी पद्धत सांगतो. मी त्याला टिंबाची परीक्षा म्हणतो. दोन आठवड्यांनंतरची एखादी रिकामी वेळ निवडा आणि ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये "चाचणी" नावाचा इव्हेंट बनवा. त्यात कोणालाही बोलवू नका, खऱ्या मीटिंगवर तर हे मुळीच करू नका, नाहीतर टीममधल्या सगळ्यांना अपडेटचे मेल जातील. मग तो जिथे जिथे उगवतो तिथे लक्ष ठेवा. सगळीकडे दिसला की मूळ इव्हेंटच्या नावापुढे एक टिंब टाका.

टिंब जवळपास लगेच दिसलं, तर ती त्याच घराची खिडकी आहे, प्रत नाही. पाच-दहा मिनिटांनी दिसलं आणि कॅलेंडरचं नाव वेगळं आहे, तर मध्ये सिंक टूल बसलंय. अर्धा-एक दिवस लागला, आणि त्या इव्हेंटला एडिटची पेन्सिलच नाही, तर ते सबस्क्रिप्शन. गुगल स्वतःच्या मदत-पानांवर सांगतं की लिंकवरून जोडलेल्या कॅलेंडरमधला बदल दिसायला १२ तासांपर्यंत लागू शकतात. आउटलुकवाले साधारण ३ तासांचं म्हणतात, पण २४ तासांहून जास्तही लागू शकतात असंही तेच सांगतात. तुम्ही फोनवर कितीही वेळा खाली ओढून रिफ्रेश केलं तरी फरक पडत नाही, कारण लिंक वाचायला तुमचा फोन जातच नाही, त्यांचा सर्व्हर जातो.

आणि जिथे ऑफिसचे जुने इव्हेंट दिसतात तिथे "चाचणी" कधी उगवलीच नाही तर? तर ती इम्पोर्ट केलेली प्रत आहे. इम्पोर्ट म्हणजे फोटो. ज्या क्षणी काढला, तो क्षण त्यात गोठला.

हा फोटो किती फसवू शकतो, याचं उदाहरण त्याच आठवड्यात माझ्या फोनमध्ये होतं. त्या वर्षी ईद-ए-मिलादची सुट्टी शुक्रवारी, ५ सप्टेंबरला होती. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी ६ तारखेला अनंत चतुर्दशी, म्हणजे मुंबईत विसर्जनाची गर्दी. मग राज्य सरकारने अगदी तोंडावर निर्णय घेतला की मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांसाठी ही सुट्टी सोमवारी, ८ तारखेला असेल. बाकी जिल्ह्यांत ५ तारीखच राहिली. २०२४ मध्येही असंच झालं होतं: विसर्जन १७ सप्टेंबरला होतं, तेव्हा मुंबईची सुट्टी १६ वरून १८ वर गेली होती.

आता माझ्याकडे काय होतं? वर्षाच्या सुरुवातीला आमच्या एचआरने सुट्ट्यांची आयसीएस फाइल पाठवली होती, ती मी इम्पोर्ट केली होती. तो झाला फोटो. त्यात ईद ५ तारखेला. नंतर एचआरने कंपनीचं चालू कॅलेंडर दिलं, ते मी सबस्क्राइब केलं. तो झाला रोजचा पेपर. त्यात ईद ८ तारखेला आली, कारण कंपनी मुंबईप्रमाणे चालते. फोनमध्ये दोन ईद. मी म्हटलं, घ्या, अजून एक डबल.

पण नीट बघितलं तर हे डबल नव्हतंच. आमच्या नागपुरातल्या सरकारी कार्यालयांसाठी ५ तारीख बरोबर होती, आणि माझ्या पगाराच्या ऑफिससाठी ८. फोटो जुना झाला होता, पण माझ्या गावासाठी योगायोगाने तोच खरा ठरला! म्हणून म्हणतो, डबल दिसलं की आधी कॅलेंडरचं नाव वाचा. "हे कोणाचं म्हणणं आहे?" हे कळल्याशिवाय "यातलं खरं कोणतं?" हे ठरवता येत नाही. सुट्ट्या किंवा परीक्षांचं वेळापत्रक, म्हणजे जे पुढे बदलू शकतं, ते इम्पोर्ट करू नका, सबस्क्राइब करा. आणि एकदाच करा. गुगलचं भारताच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर, ॲपलचं वेगळं आणि कंपनीचं तिसरं, अशी तिन्ही चालू ठेवलीत तर दिवाळी तीनदा येणारच. बोनस मात्र एकदाच.

आता येतो माझ्या चुकीवर. आईची अपॉइंटमेंट गायब कशी झाली?

ऑगस्टच्या शेवटी या तीन-तीन स्टँडअपचा मला वैताग आला होता. एका रात्री मी फोनवर गुगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये गेलो. तिथे प्रत्येक अकाउंटखाली कॅलेंडरांची यादी असते, आणि पूर्ण यादी बघायला "Show more" दाबावं लागतं. प्रत्येक कॅलेंडरमध्ये आत गेलं की "Sync" नावाचं बटण. मी काय केलं, जे जे फालतू वाटलं त्याचं "Sync" बंद करत सुटलो. अर्धवट झोपेत त्यात "घर" पण गेलं. स्टँडअप तिनाचं दोन झालं, मी खूश होऊन झोपलो. दोन दिवसांनी दादाने "घर"मध्ये अपॉइंटमेंट टाकली. ती गुगलच्या सर्व्हरवर गेली, आईच्या फोनवर गेली (ती बघत नाही, तो भाग वेगळा), पण माझ्या फोनने त्या कॅलेंडरचं विचारणंच सोडलं होतं.

इथे एक फरक लक्षात ठेवा. ॲपच्या डाव्या मेन्यूमध्ये कॅलेंडरच्या नावापुढे जी टिकमार्क असते, ती काढली तर ते फक्त लपतं. खिडकीला पडदा लावल्यासारखं. पुन्हा टिक केली की लगेच समोर. पण सेटिंगमधलं "Sync" बंद केलं तर त्या कॅलेंडरचा डेटा फोनवर येणंच थांबतं. मला फक्त पडदा लावायचा होता, मी खिडकी विटांनी बुजवून टाकली.

इव्हेंट गायब झाला की दोन मिनिटांत करता येईल अशी तपासणी म्हणजे कॉम्प्युटरवर, किंवा फोनच्या ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट चालू करून, calendar.google.com उघडा. त्याच अकाउंटने. तिथे इव्हेंट दिसला, तर घर शाबूत आहे आणि गडबड तुमच्या फोनच्या खिडकीत आहे. तिथेही दिसला नाही, तर एक तर तो त्या अकाउंटपर्यंत पोचलाच नाही, किंवा कोणीतरी डिलीट केलाय. या एका पायरीने शोधायची जागा अर्धी होते. रामटेकच्या गडावर मी हे केलं असतं तर मला "घर" कॅलेंडर वेबवर लगेच दिसलं असतं.

गडबड खिडकीत असेल तर कुठे बघायचं? अँड्रॉइडवर मी आत्ता सांगितलेलं "Sync" बटण. आयफोनवर ॲपलचं कॅलेंडर ॲप वापरत असाल आणि तुमचं स्वतःचं दिसतंय पण शेअर केलेलं दिसत नाही, तर ब्राउझरमध्ये calendar.google.com/calendar/syncselect हे पान उघडा. तिथे कोणकोणती कॅलेंडर ॲपलकडे पाठवायची त्याच्या टिक असतात. हे पान कुठल्याच मेन्यूमध्ये सहज सापडत नाही, म्हणून बिचारे लोक अकाउंट काढून परत टाकत बसतात. आणि फक्त जुनेच इव्हेंट गायब असतील, तर आयफोनच्या कॅलेंडर सेटिंगमध्ये "Sync" आहे, त्यात किती मागचं आणायचं ते ठरतं: २ आठवडे, १ महिना, किंवा सगळं. तिथे २ आठवडे असेल तर मागच्या महिन्याचं हरवलेलं नाही, फक्त फोनवर आणलेलं नाही.

इव्हेंट वेबवरही नसेल, तर शेअरिंग तपासा. शेअर केलेलं कॅलेंडर आपोआप प्रत्येकाच्या यादीत जाऊन बसत नाही. समोरच्याला मेल येतो, त्यातली कॅलेंडर जोडायची लिंक त्याने दाबायची असते. आपण तो मेल न उघडता म्हणतो, "हो हो, आला." दुसरं म्हणजे परवानगीची पातळी. शेअर करणाऱ्याने फक्त मोकळा की व्यस्त एवढंच दाखवायचं ठेवलं असेल, तर तुम्हाला "आईची तपासणी" असं नाव दिसणार नाही, नुसता "Busy" लिहिलेला ठोकळा दिसेल. घरच्या कॅलेंडरला निदान सगळे तपशील दिसतील अशी परवानगी द्या, आणि वेळ बदलणारं माणूस असेल तर बदल करायचीही.

तिसरी शक्यता: इव्हेंट कधी अकाउंटवर गेलाच नाही. काही फोनच्या स्वतःच्या कॅलेंडर ॲपमध्ये नवीन इव्हेंट बनवताना "My phone" असा पर्याय निवडलेला असतो. तो इव्हेंट फक्त त्या हँडसेटवर राहतो. फोन बदलला, रिसेट केला, की गेला. सेव्ह करण्याआधी अकाउंटचं नाव बघायची सवय लावा.

आता सिंकची दिशा. खरा धोका इथे आहे, म्हणून हळूच जातो.

माझ्या सिंक टूलमध्ये तीन पर्याय होते: ऑफिसकडून पर्सनलकडे, पर्सनलकडून ऑफिसकडे, आणि दोन्हीकडून. मला वाटलं दोन्हीकडून म्हणजे सगळ्यात भारी, काही सुटणारच नाही. पण वर्षभरापूर्वी मी दुसऱ्या एका ऑटोमेशन ॲपमध्ये एक नियम बनवून विसरलो होतो: पर्सनल कॅलेंडरमध्ये नवीन काही आलं की त्याची नोंद ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये कर. आता मजा बघा. ऑफिसमध्ये एक मीटिंग आली. टूलने तिची प्रत पर्सनलमध्ये बनवली. जुन्या नियमाने बघितलं, "अरे, पर्सनलमध्ये नवीन आलं!" त्याने त्याची प्रत ऑफिसमध्ये बनवली. टूलने बघितलं, "अरे, ऑफिसमध्ये नवीन आलं!" पुन्हा प्रत. दोन आरसे समोरासमोर ठेवल्यासारखं.

एकच टूल असेल तर ते सहसा स्वतःच्या प्रतीवर खूण ठेवतं, म्हणून ती पुन्हा कॉपी करत नाही. पण दुसऱ्या टूलला ती खूण वाचता येत नाही. त्याच्यासाठी प्रत्येक प्रत अस्सल. म्हणून डबल नसून चौपट, आठपट दिसत असेल, आणि रोज वाढत असेल, तर समजा दोन टूल एकमेकांशी खेळताहेत. माझे इव्हेंट एका रात्रीत वाढले ते असे.

आणि मग मी सगळ्यात वाईट गोष्ट केली: टूल चालू असतानाच हाताने डिलीट करायला बसलो. दोन्हीकडून सिंकमध्ये फक्त नवीन गोष्टच जात नाही, डिलीट पण जातं. तुम्ही पर्सनलमधली प्रत उडवली की टूल म्हणतं, "मालकाला ही नको," आणि ऑफिसमधला मूळ पण उडवतं. ती मीटिंग तुम्हीच बोलावलेली असेल, तर लोकांना रद्दचे मेल जाऊ शकतात. माझ्या दोन मूळ नोंदी अशा गेल्या. नशीब, गुगल कॅलेंडरच्या ट्रॅशमध्ये डिलीट केलेलं साधारण ३० दिवस राहतं, आउटलुकमध्येही डिलीटेड आयटममध्ये बऱ्याचदा सापडतं. पर्सनलवाले तिथून परत मिळाले.

म्हणून सफाईचा क्रम महत्त्वाचा. सगळ्यात आधी प्रती बनवणारं जे जे काही आहे ते थांबवा. नुसतं ॲप बंद करून नाही भागत, कारण ते सर्व्हरवर चालतं. त्याच्या वेबसाइटवर जाऊन नियम बंद करा, आणि गुगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये तुमच्या अकाउंटला जोडलेल्या बाहेरच्या ॲपांची यादी बघा. मला तो वर्षभर जुना नियम तिथेच सापडला. मग एक दिवस थांबा. नवीन डबल येणं बंद झालं का? झालं, तर नळ बंद झालाय, आता फरशी पुसू.

दुसरं, कॉम्प्युटरवर गुगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये "Import & export" आहे, तिथून एक्सपोर्ट घ्या. प्रत्येक कॅलेंडरची एक आयसीएस फाइल, सगळ्या एका झिपमध्ये मिळतात. काही चुकलं तर हाताशी असू द्या.

तिसरं, सबस्क्रिप्शनची प्रत काढायला एकेक इव्हेंट डिलीट करायची गरज नाही, करताही येत नाही. ते अख्खं कॅलेंडर अनसबस्क्राइब करा, सगळे एकदम जातात आणि मूळ जागेला धक्का लागत नाही. पण लक्ष द्या: जे कॅलेंडर तुम्ही स्वतः बनवून इतरांशी शेअर केलंय, त्याच्या सेटिंगमध्ये "Delete" पण असतं. "Delete" दाबलं तर ते सगळ्यांच्या फोनमधून जातं. घरचं कॅलेंडर साफ करताना ही चूक करू नका, नाहीतर दादाचा नाही, अख्ख्या खानदानाचा फोन येईल. शेवटी राहतात मुख्य कॅलेंडरमध्ये टूलने सोडलेल्या प्रती. त्या हातानेच काढाव्या लागतात. रोजच्या मीटिंगची पूर्ण मालिका एकदम काढायचा पर्याय येतो, तो वापरा.

आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून आता माझी मांडणी काय आहे? ऑफिसचं कॅलेंडर पर्सनलमध्ये कॉपी होत नाही, ऑफिसचं अकाउंट फोनमध्ये आहे आणि मी त्याच खिडकीतून बघतो. एक दरवाजा. सुट्ट्यांचं एकच सबस्क्रिप्शन. "घर" शेअर केलेलं, तिघांनाही बदल करायची परवानगी. आणि टूल अजूनही आहे, पण फक्त एका दिशेने: पर्सनलकडून ऑफिसकडे, आणि तेही तपशील नाही, फक्त "व्यस्त" असा ठोकळा.

हे शेवटचं का ठेवलं? कारण ऑफिसच्या आउटलुकमध्ये पर्सनल कॅलेंडर सबस्क्राइब केलं तर ते फक्त तुम्हाला दिसतं. मॅनेजर मीटिंग टाकायला तुमची वेळ बघतो तेव्हा त्याला तुम्ही मोकळेच दिसता, आणि तो साडेदहाला नेमकी मीटिंग ठेवतो. वेळ खरोखर अडवायची तर तुमच्या ऑफिसच्या मुख्य कॅलेंडरमध्येच काहीतरी असावं लागतं. इथे प्रत बनवणं चूक नाही, गरज आहे. फक्त ती एका दिशेने जावी आणि परत येऊ नये. एवढंच असेल तर टूल तरी कशाला? महिन्यातून दोन-तीनच अपॉइंटमेंट असतील तर ऑफिसमध्ये हाताने "व्यस्त" टाका. अर्धा मिनिट लागतो.

आता आजचं काम. हा भाग संपला की "चाचणी" इव्हेंट टाका, टिंब टाका, आणि तुमच्या फोनमध्ये किती दरवाजे आहेत ते मोजा. तीन किंवा जास्त निघाले तर मला मेसेज करा, पण स्क्रीनशॉटमध्ये कॅलेंडरचं नाव दिसू द्या. त्याशिवाय मला काही सांगता येणार नाही.

आणि हो, आईच्या पुढच्या तपासणीची तारीख आली. दादाने "घर"मध्ये टाकली, माझ्या फोनवर दिसली, ऑफिसमध्ये ठोकळा पण पडला. तरी मी ती आईच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने लिहिली. त्याला सिंक लागत नाही.

भेटू पुढच्या भागात.